अनोळखी प्राध्यापकांना उन्हाळी संशोधन इंटर्नशिपसाठी ईमेल : झालेले विषय कसे मांडावेत?

प्रश्न : मी सांगलीत सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जर्मनीतल्या एका प्राध्यापकांचं काम पूर आणि पूरमैदानावरच्या झाडोऱ्यावर आहे, त्यांच्याकडे पुढच्या उन्हाळ्यात संशोधन इंटर्नशिप करायची इच्छा आहे. ओळख कुणाचीच नाही. फ्लुइड मेकॅनिक्स, हायड्रॉलिक्स, हायड्रॉलॉजी, न्यूमेरिकल मेथड्स हे विषय झालेत, पण पेपर नाही, संशोधनाचा अनुभव नाही. ईमेलमध्ये हे विषय कसे लिहू? आणि कधी पाठवू?

उत्तर : मी जर्मनीतील एका विद्यापीठाच्या जलअभियांत्रिकी संस्थेत संशोधक म्हणून काम करते आणि आमच्या प्राध्यापकांकडे भारतातून येणाऱ्या अशा ईमेलपैकी ज्यांच्याकडे लक्ष द्यावेसे वाटते ते त्यांच्याकडून माझ्याकडे येतात. त्यामुळे पलीकडच्या बाजूला तुमच्या पत्राचे नेमके काय होते, तेथून सुरुवात करणे सोयीचे होईल, कारण विषय कसे लिहावेत याचे उत्तर त्यातच आहे.

जर्मन विद्यापीठात प्राध्यापक हे एका लहानशा संस्थेचे प्रमुख असतात. त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारे संशोधक, एक-दोन वरिष्ठ संशोधक, प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ आणि एक सचिव एवढा व्याप असतो. प्राध्यापक स्वतः उन्हाळी विद्यार्थ्याला रोज शिकवत बसत नाहीत, ते काम एखाद्या पीएचडी संशोधकाच्या गळ्यात पडते. म्हणून तुमचे पत्र आवडले तरी प्राध्यापक लगेच होकार देत नाहीत. ते पत्र पुढे पाठवतात आणि वर एवढेच लिहितात की, यांना देण्यासारखे काही काम तुझ्याकडे आहे का? तुमचा खरा वाचक हा दुसरा माणूस असतो. त्याचा प्रबंध अर्धवट असतो, उन्हाळ्यात त्याची मोजमापे चालू असतात, आणि दहा आठवड्यांसाठी येणारा विद्यार्थी आपले काम वाढवील की हलके करील, एवढाच हिशेब तो करत असतो. तुम्ही हुशार आहात का, हा त्याचा प्रश्न नसतो. तुम्हाला पहिल्या आठवड्यात कोणते काम देता येईल आणि ते देण्याआधी किती शिकवावे लागेल, हा त्याचा प्रश्न असतो.

आता बहुतेक पत्रांत अभ्यासविषयांचा परिच्छेद कसा असतो ते पाहू. त्यात म्हटलेले असते की, मी फ्लुइड मेकॅनिक्स, हायड्रॉलिक्स, हायड्रॉलॉजी, न्यूमेरिकल मेथड्स, जिओटेक्निकल इंजिनिअरिंग आणि सर्व्हेइंग हे विषय उत्तम गुणांनी पूर्ण केले असून या विषयांत मला विलक्षण रुची आहे. या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. हायड्रॉलिक्स नावाच्या विषयात एका महाविद्यालयात फक्त पाइपमधील प्रवाह शिकवतात, दुसऱ्या ठिकाणी उघड्या कालव्यातील प्रवाह, हायड्रॉलिक जंप आणि पाण्याच्या पृष्ठभागाची वक्ररेषा काढणे इथपर्यंत नेतात. तुमच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम येथील माणसाला ठाऊक नसतो आणि तो शोधून वाचण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो. विषयाच्या नावाऐवजी त्या विषयात तुमच्या हातून काय झाले ते लिहिले, तरच त्याला अंदाज बांधता येतो.

तुमच्याच विषयांवरून दाखवते. उघड्या प्रवाहाच्या भागात तुम्ही मॅनिंगचे सूत्र शिकलात, उतार बदलता येणाऱ्या उघड्या पन्हळीवर, म्हणजे प्रयोगशाळेतील टिल्टिंग फ्ल्यूमवर, हायड्रॉलिक जंपचे प्रयोग केलेत, आणि हळूहळू बदलणाऱ्या प्रवाहाची पृष्ठरेषा स्टँडर्ड स्टेप पद्धतीने हाताने तक्ता मांडून काढलीत. न्यूमेरिकल मेथड्समध्ये न्यूटन-रॅफसन शिकलात. या दोन गोष्टी एकत्र आणून स्टँडर्ड स्टेपचा एक छोटा प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहिणे हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दोन-तीन शनिवार-रविवारांत जमण्यासारखे आहे, कारण प्रत्येक पायरीवर जे समीकरण सोडवावे लागते ते न्यूटन-रॅफसननेच सुटते. एवढे केलेत की तुमच्या पत्रात विषयांच्या यादीऐवजी एक वाक्य येते : हायड्रॉलिक्समध्ये हाताने काढलेली पृष्ठरेषा मी न्यूमेरिकल मेथड्समधील पद्धत वापरून पायथॉनमध्ये लिहिली आणि तीच उदाहरणे हेक-रासमध्ये चालवून दोन्हींची उत्तरे ताडून पाहिली. हे वाचणाऱ्या पीएचडी संशोधकाला लगेच कळते की या मुलाला प्रोग्राम लिहिता येतो, सीमास्थिती म्हणजे काय हे कळते, आणि सॉफ्टवेअरने दिलेले उत्तर तपासून पाहण्याची सवय आहे. तिसरी गोष्ट आमच्या कामात सर्वांत दुर्मीळ आहे. हेक-रास हे अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी दलाचे सॉफ्टवेअर आहे आणि ते विनामूल्य मिळते, त्यामुळे परवान्याची अडचण येणार नाही.

यापुढची पायरी म्हणजे हा परिच्छेद प्राध्यापकांच्या कामाला जोडणे. त्यासाठी त्यांच्या गेल्या तीन-चार वर्षांतील लेखांपैकी एकच लेख निवडा, पण तो शेवटपर्यंत वाचा. सारांश वाचून लिहिलेली स्तुती आम्हाला पहिल्या वाक्यात ओळखू येते, कारण ती सारांशातल्याच शब्दांत असते. लेखाचा जो भाग तुम्हाला उपयोगी आहे तो निष्कर्षाच्या अलीकडे असतो. तेथे लेखक आपल्या पद्धतीच्या मर्यादा सांगतात, कोणती मोजमापे अपुरी पडली आणि काय गृहीत धरावे लागले हे सांगतात. त्या परिच्छेदात अनेकदा पुढच्या एक-दोन वर्षांचे काम दडलेले असते. त्याच्याच जोडीला संस्थेच्या संकेतस्थळावर `Abschlussarbeiten` नावाचे पान असते का ते पाहा. त्यावर पदवी आणि पदव्युत्तर प्रबंधासाठी उपलब्ध असलेले विषय दिलेले असतात. मजकूर जर्मनमध्ये असला तरी भाषांतर करून वाचा, कारण ही संस्था विद्यार्थ्याच्या हाती कोणत्या आकाराचे काम देते आणि त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरते, हे त्यावरून जितके स्पष्ट कळते तितके लेखांवरून कळत नाही. युरोपात नद्यांच्या कामासाठी टेलेमॅक हे सॉफ्टवेअर बऱ्याच ठिकाणी वापरतात आणि तेही मुक्तपणे उपलब्ध आहे. त्या संस्थेत ते वापरत असतील तर त्याबरोबर येणाऱ्या तयार उदाहरणांपैकी एक चालवून पाहावे. ते येते असे मात्र लिहू नये, एक उदाहरण चालवले आहे एवढेच लिहावे.

तुम्ही म्हणता त्या प्राध्यापकांचा विषय पूरमैदानावरील झाडोरा हा आहे, म्हणजे नदी काठ सोडून पसरली की झुडपे, गवत आणि झाडे प्रवाहाला किती अडवतात आणि त्यामुळे पातळी किती चढते. येथे तुमच्याकडे अशी एक गोष्ट आहे जी येथील विद्यार्थ्याकडे नाही. ऑगस्ट 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 45 फुटांच्या धोका पातळीच्या कितीतरी वर गेली, आणि त्या वेळी पाणी ज्या शेतांवरून वाहत होते त्यांत उंच वाढलेला ऊस उभा होता. मॅनिंगच्या n च्या, म्हणजे प्रवाहाला होणारा रोध दाखवणाऱ्या गुणांकाच्या, नेहमीच्या तक्त्यांत वाढलेल्या शेतपिकांसाठी साधारण 0.03 ते 0.05 अशी किंमत दिलेली असते. माणसापेक्षा उंच, दाट उसाला ती कितपत लागू पडते, हा खरोखरचा प्रश्न आहे आणि तो त्या प्राध्यापकांच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. पुराचे वर्णन मात्र पत्रात करू नका. आपल्या गावाने काय सोसले हे लिहावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे आणि त्यात गैर काही नाही, परंतु वाचणाऱ्याला त्यातून काम दिसत नाही. उसाचा प्रश्न लिहिलात तर काम दिसते, आणि तुम्ही कोठून आलात हेही त्यात आपोआप येते.

प्रश्न नुसता विचारण्यापेक्षा त्यावर छोटासा हिशेब करून पाहिलेला असेल तर पत्राला वजन येते. रुंद आणि उथळ प्रवाहात, विसर्ग आणि उतार तेच ठेवले तर, मॅनिंगच्या सूत्रावरून खोली ही n च्या तीन-पंचमांश घाताच्या प्रमाणात वाढते :

```
h2 / h1 = (n2 / n1)^(3/5)
(0.04 / 0.03)^(0.6) = 1.19
```

म्हणजे n 0.03 वरून 0.04 झाला तर खोली सुमारे 19 टक्क्यांनी वाढते, 4 मीटरची जवळजवळ पावणेपाच मीटर होते. हा हिशेब एका ओळीचा आहे, पण तो पत्रात आला की विद्यार्थ्याने सूत्र पाठ केलेले नसून वापरलेले आहे हे समजते. याच्या पुढे जाऊन कृष्णेच्या एखाद्या पट्ट्यावर स्वतःचा प्रोग्राम चालवून पाहायचा असेल तर जरूर पाहा, मात्र एका ठिकाणी हमखास घसरायला होते ते आधीच सांगते. फुकट मिळणारी उंचीची माहिती, उदाहरणार्थ फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातून रडारने घेतलेली 30 मीटरची एसआरटीएम, नदीच्या पात्राचा तळ दाखवत नाही. रडारची लहर पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरते, त्यामुळे पात्रात त्या दिवशी जेवढे पाणी होते तेवढी खोली त्या माहितीत गायब असते. शिवाय तिच्या उभ्या मोजमापात काही मीटरांची चूक असू शकते, आणि कृष्णेसारख्या मंद उताराच्या नदीवर काही मीटर म्हणजे सगळेच गणित. ही माहिती जशीच्या तशी हेक-रासमध्ये घालून रंगीत पूरनकाशा काढणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. तो नकाशा जोडून आयर्विन पुलाची पातळी मी अचूक काढली असा दावा केलात, तर या क्षेत्रातला कोणीही माणूस तेथेच थांबेल. त्याऐवजी, तळाची माहिती नसल्याने काटछेद समलंब चौकोनी गृहीत धरला आहे, म्हणून प्रत्यक्ष पातळीबद्दल काही म्हणायचे नाही, फक्त n बदलल्यावर पातळी किती सरकते एवढेच पाहिले आहे, असे लिहिलेत तर तेच काम तुमच्या बाजूने बोलू लागते. संशोधनाचा अनुभव नाही असे तुम्ही म्हणता, पण आपल्या उत्तराची हद्द कोठे संपते हे सांगता येणे हाच आम्ही त्या अनुभवाचा पुरावा मानतो.

आता सगळे पत्र. ते इंग्रजीतच जाईल, परंतु मी येथे मुद्दाम त्याचा आशय मराठीत देते, कारण तयार इंग्रजी मजकूर दिला की तो शब्दशः फिरू लागतो आणि एकाच महिन्यात एकाच संस्थेत तीच वाक्ये तिघांकडून येतात. इंग्रजीत एकूण लांबी दीडशे ते दोनशे शब्दांच्या आत ठेवा. मोबाइलच्या पडद्यावर दोनदा सरकवून संपले पाहिजे.

विषयाच्या ओळीत काम, कालावधी आणि वर्ष एवढे असावे : पूरमैदानावरील प्रवाहरोधाच्या कामात उन्हाळी इंटर्नशिपबाबत विचारणा, मे ते जुलै, सिव्हिल तृतीय वर्ष. नुसते 'इंटर्नशिपसाठी विनंती' असे लिहिले तर ते त्या दिवशीच्या इतर पत्रांत मिसळून जाते. संबोधनात 'प्रिय प्राध्यापक' आणि आडनाव पुरे. आपल्याकडच्या सवयीने येणारे 'आदरणीय सर' टाळावे, विशेषतः प्राध्यापक स्त्री आहेत की पुरुष हे न पाहता ते लिहिले गेले तर पत्र तेथेच संपते. संकेतस्थळावर नावाआधी पदव्यांची लांब मालिका दिसली तरी ती सगळी उतरवण्याची गरज नाही.

> मी सांगली येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. येत्या वर्षी 10 मेपासून दहा आठवडे आपल्या संस्थेत संशोधन इंटर्नशिप करता येईल का, हे विचारण्यासाठी लिहीत आहे.
>
> पूरमैदानावरील झाडोऱ्याच्या ऋतूनुसार बदलणाऱ्या प्रवाहरोधावरील आपला लेख मी वाचला. त्यात पूर्ण बुडालेल्या आणि अर्धवट बुडालेल्या झाडोऱ्यासाठी वेगवेगळे गुणांक घ्यावे लागल्याचे आपण म्हटले आहे. माझ्या भागात कृष्णेच्या पूरमैदानावर पुराच्या वेळी उंच ऊस उभा असतो आणि त्यासाठी तक्त्यातील n घ्यावा की आपल्या पद्धतीने काढावा, असा प्रश्न मला पडला.
>
> हायड्रॉलिक्सच्या अभ्यासक्रमात मी पृष्ठरेषा स्टँडर्ड स्टेप पद्धतीने काढायला शिकलो. तीच पद्धत पायथॉनमध्ये लिहून हेक-रासशी ताडून पाहिली आहे. समलंब चौकोनी काटछेद गृहीत धरून n 0.03 वरून 0.04 केल्यास पातळी किती बदलते हे तपासले. पात्राच्या तळाची मोजमापे नसल्याने प्रत्यक्ष पातळीबद्दल निष्कर्ष काढलेला नाही. दोन पानी टिपण आणि प्रोग्रामचा दुवा खाली दिला आहे. हायड्रॉलॉजीत मी युनिट हायड्रोग्राफ आणि मस्किंगम पद्धतीने पूर पुढे सरकवणे शिकलो आहे. द्विमितीय प्रतिमान मी अजून वापरलेले नाही.
>
> आपल्या संस्थेत मोजमापांची छाननी किंवा गुणांकाची जुळणी अशा स्वरूपाचे काम असेल तर मला ते करायला आवडेल. खर्चासाठी मी शिष्यवृत्तीला अर्ज करणार असून त्यासाठी ऑक्टोबरअखेरपर्यंत आपले निमंत्रणपत्र लागेल. सीव्ही आणि गुणपत्रक जोडले आहे.

या मसुद्यातील प्रत्येक परिच्छेद कशासाठी आहे हे तुमच्या लक्षात आले असेलच, तरी दोन ठिकाणी थांबते. हायड्रॉलॉजीचा उल्लेख एका वाक्यात आहे आणि जिओटेक्निकल, सर्व्हेइंग, काँक्रीट यांचा अजिबात नाही. ते विषय तुम्ही शिकलात हे गुणपत्रकात दिसतेच. पत्रात फक्त तेच विषय यावेत ज्यांच्याशिवाय हे काम करता येणार नाही, आणि ते दोनच असले तरी चालते. दुसरे म्हणजे, द्विमितीय प्रतिमान वापरलेले नाही हे वाक्य अनेक विद्यार्थी भीतीने गाळतात. ते ठेवा. त्यामुळे पलीकडच्या माणसाला शिकवण्याचा अंदाज येतो आणि पुढे व्हिडिओवर बोलताना तुमची अडचण होत नाही.

अर्थात वरील लेखाचा आणि गुणांकांचा उल्लेख हा नमुन्यादाखल आहे. तुम्ही निवडलेल्या लेखात काय आहे ते पाहूनच तो परिच्छेद लिहावा लागेल, आणि जर त्या लेखातून तुम्हाला प्रश्नच पडला नाही तर तो लेख तुमच्यासाठी चुकीचा आहे, दुसरा घ्या.

गुणांबद्दल थोडे. सीजीपीए लिहिताना नेहमी दहापैकी असे लिहा. जर्मनीत 1.0 हा सर्वोत्तम गुण आणि 4.0 हा जेमतेम उत्तीर्णतेचा, त्यामुळे नुसते 8.4 असे लिहिल्यास त्याचा अर्थ लागत नाही. स्वतः रूपांतर करून लिहू नका, गुणपत्रक जोडलेले पुरेसे आहे. सीव्ही दोन पानांच्या आत, सीव्ही आणि गुणपत्रक मिळून एकच पीडीएफ, आणि फाइलचे नाव `Firstname_Lastname_CV.pdf` अशा धर्तीचे असावे. `resume_final_new2.pdf` नावाची फाइल डाउनलोड केल्यावर कोणाची हे पुन्हा सापडत नाही. शाळेतील टक्केवारी, वडिलांचे नाव, छंद हे सीव्हीत नको.

पैशांचा विषय पत्रात एका वाक्यात का होईना, यायलाच हवा. तो टाळलात तर वाचणारा असे धरून चालतो की खर्च संस्थेने करावा अशी तुमची अपेक्षा आहे, आणि बहुतेक संस्थांकडे त्यासाठी तरतूद नसते. भारतीय विद्यार्थ्यांसाठी डाड या जर्मन शैक्षणिक संस्थेची वाइज ही शिष्यवृत्ती ओळखीची आहे. तिच्यासाठी जर्मन प्राध्यापकांचे निमंत्रणपत्र आधी मिळवावे लागते. ती ठरावीक संस्थांच्या विद्यार्थ्यांनाच मिळते आणि तिची मुदत पूर्वी नोव्हेंबरच्या सुरुवातीला येत असे. तुमचे महाविद्यालय यादीत आहे का आणि यंदा योजना कोणत्या अटींवर चालू आहे, हे डाडच्या दिल्ली कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहून मगच पत्रात तिचे नाव घाला. यादीत नसाल तर खर्च कसा करणार हे प्रामाणिकपणे लिहा. फुकट काम करीन असे मात्र घाईने लिहू नका, कारण येथे इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग आहे की ऐच्छिक, यावर विद्यापीठाची कागदपत्रे आणि मोबदल्याचे नियम बदलतात. तुमच्या महाविद्यालयात इंटर्नशिपला क्रेडिट असेल तर तसा उल्लेख करा, त्याने पलीकडच्या कार्यालयाचे काम सोपे होते. कॅनडाच्या मायटॅक्स ग्लोबलिंकसारख्या योजनांत मात्र अर्ज त्यांच्या पोर्टलवरून, तेथे दिलेल्या प्रकल्पांमधून निवड करून होतो. तेथे प्राध्यापकांना अनोळखी ईमेल पाठवून जागा मिळत नाही.

निमंत्रण ऑक्टोबरअखेरपर्यंत हवे असेल तर पत्र सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेले पाहिजे. ऑगस्टमध्ये येथे अनेक जण सुटीवर असतात, तर ऑक्टोबरच्या मध्यापासून हिवाळी सत्राची व्याख्याने सुरू होतात आणि त्या गडबडीत पत्रे मागे पडतात. सप्टेंबरात भारत जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतो, म्हणून मंगळवार ते गुरुवारपैकी एखाद्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास पाठवलेले पत्र येथे सकाळी कामाला बसताना समोर येते. तारखांचीही काळजी घ्या. तुमच्या सत्र परीक्षा मेच्या अखेरीपर्यंत चालत असतील तर 10 मे ही तारीख लिहू नका. परीक्षा विभागाचे वेळापत्रक पाहून दोन आठवडे हातचे ठेवा, कारण एकदा निमंत्रणपत्रावर छापलेली तारीख बदलायची म्हणजे व्हिसाची कागदपत्रे पुन्हा करायची. जर्मनीत उन्हाळी सत्राची व्याख्याने जुलैच्या मध्यापर्यंत किंवा अखेरीपर्यंत चालतात, त्यामुळे मेअखेर ते जुलैअखेर हा काळ तुमच्यासाठी चांगला आहे. लोक जागेवर असतात आणि बाहेरची मोजमापेही याच काळात होतात.

एका वेळी एका संस्थेतील एकाच व्यक्तीला लिहा. शेजारच्या खोल्यांत बसणाऱ्या दोघांना तेच पत्र गेले तर ते दोघे जेवणाच्या टेबलावर एकमेकांना सांगतात, आणि मग दोघांपैकी कोणीच उत्तर देत नाही, कारण प्रत्येकाला वाटते की दुसरा पाहील. वेगवेगळ्या विद्यापीठांतील तीन-चार जणांना लिहायला हरकत नाही, पण प्रत्येक वेळी दुसरा आणि चौथा परिच्छेद नव्याने लिहावा लागेल. नाव आणि लेखाचे शीर्षक बदलून बाकी मजकूर चिकटवलेला असला की त्या दोन जागी अक्षराचा आकार किंवा रंग वेगळा दिसतो. पाठवण्यापूर्वी सर्व मजकूर साध्या अक्षरांत करून घ्या आणि एकदा स्वतःला पाठवून मोबाइलवर वाचा.

उत्तर आले नाही तर दहा ते चौदा दिवसांनी त्याच पत्राला उत्तर म्हणून तीन ओळी लिहाव्यात आणि त्यांत नवे काहीतरी असावे, जसे की टिपणात केलेली सुधारणा किंवा शिष्यवृत्तीची निश्चित झालेली मुदत. सुटीवर असल्याचे आपोआप आलेले उत्तर असेल तर त्यातील परतीची तारीख पाहून त्यानंतर आठवड्याने लिहा. दुसऱ्या पत्रालाही उत्तर नसेल तर तेथे थांबा. फोन करणे किंवा लिंक्डइनवर पुन्हा तेच विचारणे यांचा उपयोग होत नाही. सध्या जागा नाही असे उत्तर आल्यास आभार मानून, या विषयावर आणखी कोणाकडे विचारता येईल का, एवढे विचारू शकता. त्याला बरेचदा एखादे नाव मिळते आणि मग तुमचे पुढचे पत्र अनोळखी राहत नाही.

माझ्या सहकाऱ्याशी बोला असे प्राध्यापकांचे उत्तर आले तर तो नकार समजू नका. मघाशी सांगितलेला दुसरा माणूस तोच. त्याच्याशी होणाऱ्या व्हिडिओ संभाषणात तुमच्या टिपणावरच प्रश्न येतील : पायरीची लांबी किती घेतली, ती निम्मी केल्यावर उत्तर किती बदलले, खालच्या टोकाला कोणती पातळी दिली आणि ती का दिली. मंद उताराच्या प्रवाहात गणना खालून वर जाते, त्यामुळे शेवटचा प्रश्न जवळजवळ नक्की येतो. तुम्ही दिलेली खालची पातळी चुकीची असली तरी वरच्या बाजूला काही अंतरावर तिचा परिणाम विरत जातो. ते अंतर तुमच्या पट्ट्यासाठी किती आहे हे प्रोग्राम दोन-तीन वेगवेगळ्या पातळ्या देऊन चालवला की दिसते. ते करून ठेवा आणि त्याची आकृती टिपणाच्या दुसऱ्या पानावर घाला.

होकार आल्यावर निमंत्रणपत्रात सुरुवातीची व शेवटची तारीख, कामाचे शीर्षक, मार्गदर्शकाचे नाव, आणि बसायला जागा व संगणक मिळेल का, या गोष्टी आहेत ना ते तपासून घ्या. शिष्यवृत्तीच्या अर्जातील तारखा आणि या तारखा अक्षरशः सारख्या असायला हव्यात. पत्र संस्थेच्या छापील कागदावर, सही असलेले असावे. ते सहसा प्राध्यापकांच्या सचिव तयार करतात, म्हणून पासपोर्टवर आहे तसेच तुमचे पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्यांना न विचारताच पहिल्या उत्तरात कळवा.